खोलीचं तापमान

मी आयुष्यात एकदाच छापून आले, आणि तेही पुठ्ठ्याच्या खोक्यावर. खोक्यावर थर्मासचं चित्र, त्यातून निघणारी वाफ, वाफेशेजारी लाल अक्षरांत ‘२४ तास गरम’, त्याखाली बारीक टायपात ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ आणि त्याच्याही खाली माझी सही. सहीपुढे बी.एस्सी. माझ्या वडिलांनी त्यातलं एक खोकं रेडिओशेजारी मांडून ठेवलं होतं. आल्यागेल्याला ते चष्मा काढून द्यायचे आणि म्हणायचे, वाचा. मला तेव्हा आनंद झाला होता. हे लिहायला आज लाज वाटते, पण झाला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा बरेचसे प्लॉट रिकामेच होते, त्यात कुसळं आणि कुत्री. त्यांच्या मधोमध आमचा कारखाना. कारखाना म्हणायचं, पण खरं काम जोडणीचं. आतली दुहेरी काच बाहेरून यायची, गवतात गुंडाळून. आमच्याकडच्या बायका ती पत्र्याच्या नळकांड्यात बसवायच्या, तळाला रबराची गादी लावायच्या, वर बूच आणि पेल्यासारखं झाकण. मी रसायनशास्त्र शिकून आलेली, त्यामुळे मला तपासणीच्या खोलीत बसवलं. एका मुलीला नोकरी, तीही पांढरा कोट घालून, म्हणून आमच्या गल्लीत माझा भाव एकदम वधारला होता. मीही जरा जास्तच ताठ चालत असे.

तपासणीच्या खोलीत माझ्या आधीपासून सुभेदार होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हसवडच्या अलीकडच्या एका गावचे. त्यांना सगळे सुभेदारच म्हणत. बर्फातल्या ठाण्यावर त्यांनी काही हिवाळे काढले होते, आणि थर्मास या वस्तूवर त्यांचा जीव होता. मालकांनी त्यांना घेतलं होतं ते गेटवर वॉचमन म्हणून. पण एकदा मालक कुणाला तरी थर्मास दाखवत असताना सुभेदारांनी तो हातात घेतला, त्यात कढत पाणी ओतलं, पाच मिनिटांनी बाहेरच्या पत्र्याला तळवा लावला आणि सांगितलं, ‘‘ह्याच्या काचंत हवा शिरलीया.’’ काच उघडून बघितली तर तळाचं टोक चिरलेलं. दुसऱ्या दिवसापासून ते आत आले.

मी आले तेव्हा त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘पोरी, तुला डिग्री हाय, मला न्हाई. पर हितं घड्याळ आनि थर्मामीटर सोडून कुनाचं ऐकायचं न्हाई. माजं बी न्हाई.’’

त्यांची पद्धत अशी. आलेल्या मालातून डोळे झाकून थर्मास काढायचे. निवडायचे नाहीत. आधी प्रत्येकात गरम पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं, म्हणजे काच थंडगार असल्यामुळे आकडा खाली येत नाही. ते पाणी टाकून द्यायचं आणि उकळतं पाणी काठोकाठ भरायचं, फक्त बुचापुरती जागा सोडून. आतलं पाणी पंचाण्णव अंशांवर आलं की बूच लावायचं आणि वेळ लिहायची. मग वाऱ्यापासून लांब, एकमेकांना न चिकटवता, फळीवर मांडून ठेवायचे. सहा तासांचे वेगळे, बारा तासांचे वेगळे, चोवीसचे वेगळे. एकच थर्मास तीनदा उघडायचा नाही, कारण उघडला की ऊब जाते आणि पुढचे सगळे आकडे खोटे पडतात. वाचायच्या वेळी बूच काढून काचेच्या कांडीनं पाणी हलवायचं, कारण वरचं पाणी आणि तळाचं पाणी सारखं नसतं. आणि वहीत सगळ्यात पहिला रकाना खोलीच्या तापमानाचा.

त्या पहिल्या रकान्याचं मला हसू यायचं. मी म्हटलं, ‘‘सुभेदारसाहेब, आपण थर्मास तपासतोय की खोली?’’

‘‘थर्मास काय एकला ऱ्हातुय व्हय?’’ ते म्हणाले. ‘‘त्यो खोलीतच ऱ्हातुय.’’

आमचा अर्धा लिटरचा थर्मास साधारण असा वागायचा: खोली अठ्ठावीस अंशांची असली, तर सहा तासांनी शहात्तर, बारा तासांनी बासष्ट, चोवीस तासांनी पंचेचाळीस-शेहेचाळीस. एखादा मठ्ठ असायचा, बारा तासांनाच सत्तावन्नवर आलेला. सुभेदार त्या मठ्ठाला वेगळा ठेवायचे आणि त्याच्याकडे फार आदरानं बघायचे. त्यांचं म्हणणं असं की दुकानात गेलेल्या थर्मासांतला सगळ्यात वाईट कुणाच्या तरी नशिबी येणारच, आणि खोक्यावरचं वाक्य त्याच माणसासाठी लिहायचं असतं. ज्याला चांगला मिळाला तो कशाला वाचत बसेल.

आता प्रश्न आला खोक्याचा. जुनी खोकी साधी होती, त्यांवर नुसता थर्मास काढलेला. मालकांना नवी रंगीत खोकी छापायची होती, आणि त्यावर किती तास ते लिहायचं होतं. बाजारात दुसऱ्यांचे थर्मास यायचे, त्यांवर चोवीस तास लिहिलेलं असायचं. मालकांनी आम्हाला बोलावून विचारलं, आपला किती?

सुभेदार म्हणाले, ‘‘पंधरा दिस द्या.’’

त्या पंधरा दिवसांत त्यांनी जे केलं ते मी अजून विसरले नाही. त्यांचा मुद्दा असा होता, की पाणी किती अंशांवर आहे हे थर्मामीटर सांगेल, पण ‘गरम’ म्हणजे किती अंश, हे कोण सांगणार? म्हणून त्यांनी जोडणीच्या बायकांना चहा पाजायला सुरुवात केली. रोज दुपारी प्रत्येकीच्या कपात थर्मामीटर घालून आकडा बघायचे आणि मग कप द्यायचे. कपात चहा कधी सत्तर, कधी साठ, कधी पन्नास. बायकांना वाटलं सुभेदारांना म्हातारचळ लागला. ते मात्र फक्त एकच बघत होते, बाई चहावर फुंकर घालते की नाही. पंचावन्नच्या खाली कुणी फुंकर घातली नाही. एकीनं तर पन्नासचा कप तोंडाला लावून तसाच परत ठेवला आणि म्हणाली, ‘‘आवं, ह्यो गार झालाय, परत ठिवा की चुलीवर.’’

सुभेदारांनी वहीत रेघ मारली. पंचावन्न. त्याच्या वर गरम, त्याच्या खाली नाही. आमचा मठ्ठातला मठ्ठ थर्मास बारा तासांना सत्तावन्नवर होता. म्हणून आकडा बारा. ‘‘बारा तास गरम, काठोकाठ भरून, न उघडता,’’ असं पूर्ण वाक्य त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. ‘न उघडता’खाली त्यांनी स्वतः रेघ ओढली. मी त्यावेळी मनात म्हटलं, एवढं लांबलचक वाक्य छापून कोण थर्मास विकतो. पण त्यांच्याइतकं नेटकं काम माझ्या कॉलेजातही मी पाहिलं नव्हतं, हेही मनात आलं होतंच.

मालकांनी तो कागद वाचला. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पुढचं सगळं त्यांच्या गळ्यात घालून मोकळी होईन.  मग म्हणाले, ‘‘पण चोवीस तासांनी पाणी ऊन असतं ना?’’

ऊन असतं. पंचेचाळीस अंशांचं पाणी ऊनच की. आंघोळीला घेतलं तर अंग शेकून निघेल.

‘‘मग ऊन म्हणजेच गरम,’’ मालक म्हणाले.

सुभेदार म्हणाले, ‘‘मालक, मग तसंच छापा. चोवीस तास ऊन.’’

मालकांनाही ते पटल्यासारखं झालं. त्यांनी ते वाक्य सांगलीच्या घाऊक दुकानदाराला ऐकवलं. आमचा निम्मा माल एकटा तोच उचलायचा. तो आठवड्यानं साताऱ्याला आला तेव्हा ऑफिसात हसत हसत खुर्चीतून पडायचा बाकी राहिला. म्हणाला, ‘‘आवं मालक, थर्मासात आंगुळीचं पानी कोन भरतंय? ऊन लिवलं तर लोक बंब इचारत येतील.’’ मग हसू आवरून म्हणाला, ‘‘शेजारच्या खोक्यावर चोवीस, तुमच्यावर बारा. गिऱ्हाईक काय बारा घेऊन जातंय व्हय? चोवीस छापा, न्हाईतर माल पाठवू नगा.’’

इथून पुढे कुणी कुणावर ओरडलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मालकांनी सुभेदारांना एवढंच विचारलं, चोवीसवर सही करता का. सुभेदार म्हणाले, न्हाई. मालक म्हणाले, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सुभेदारांना माल रवाना करायच्या खोलीत पेट्या मोजायला बसवलं आणि तपासणीची वही माझ्याकडे आली.

मग मे महिन्यात मालकांनी मला सांगितलं, ‘‘बाई, सांगलीला तुमची मावशी असते ना? चार दिवस तिकडे जा. दुकानदाराच्या गोदामात तपासणी करा. बाजारात माल जिथे राहतो तिथेच तपासलेला बरा.’’ दहा थर्मास त्यांनी स्वतः माझ्यासोबत दिले.

मी मूर्ख नव्हते. एसटीत बसल्यावर मी एक थर्मास उलटा करून बघितला. तळाला पेन्सिलीची बारीक खूण, सुभेदार वहीतल्या नोंदीसाठी करत तशी. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही. सुभेदारांच्या वहीत ज्यांचे आकडे सगळ्यात चढे होते, तेच हे दहा. आणि सांगलीच्या मे महिन्याबद्दल मला कुणी सांगायची गरज नव्हती. हळदीच्या पोत्यांशेजारी, पत्र्याच्या छपराखाली, दार बंद असलेलं गोदाम. खोलीचं कमाल तापमान एकेचाळीस, पहाटेचं किमान एकतीस. अशा ठिकाणी साधा तांब्याही बराच वेळ गार होत नाही.

तपासणी मी मात्र अगदी चोख केली. सुभेदारांनी शिकवलं तशीच. काच ऊन करून घेतली, पंचाण्णवला बूच लावलं, कांडीनं हलवून वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, चोवीस तास भरले तेव्हा, दहाही थर्मास त्रेपन्न ते चोपन्नच्या दरम्यान होते. मी ते आकडे लिहिले, वर खोलीचं तापमान लिहिलं, थर्मास निवडलेले आहेत हेही तळटिपेत लिहिलं, आणि खाली सही केली. मला वाटलं, मी सगळं लिहिलंय, आता माझ्यावर काही नाही. इतका सोपा हिशेब मी पुन्हा कधी मांडला नाही.

दुकानदारानं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. ‘‘चौपन्न! मंजे गरमच की.’’

‘‘पंचावन्नच्या खाली आहे,’’ मी म्हटलं.

‘‘एका अंशानं काय डोंगर कोसळतोय व्हय?’’

 मावशीकडे त्या दिवशी आमरस होता, तो मी दोनदा मागून घेतला. का कोण जाणे, हे मला स्वच्छ आठवतं.

जूनमध्ये खोकी छापून आली. मी वर सांगितली तीच. मालकांच्या टेबलावर ती बघितली तेव्हा आधी मला माझी सही दिसली. ती तशीच्या तशी, माझ्या ‘बी.एस्सी.’च्या टिंबांसकट उतरली होती. छाती भरून आली. मग वरची ओळ वाचली. मी म्हटलं, ‘‘मालक, खोलीचं तापमान?’’

‘‘खोक्यावर खोलीचं तापमान छापायचं?’’ ते थकल्यासारखे हसले. ‘‘तुमचा कागद माझ्या कपाटात आहे, जसाच्या तसा. तुम्ही लिहिलेलं एक अक्षर मी बदललंय का? कुणी विचारायला आलं तर दाखवू.’’

खरंच एकही अक्षर बदललेलं नव्हतं. फक्त निवडलं होतं, थर्मास निवडले तसं.  मी भांडखोर म्हणून घरात प्रसिद्ध, आईशी कोथिंबिरीच्या जुडीवरून तास तास वाद घालणारी, पण तिथे माझ्या तोंडातून अक्षर फुटलं नाही. नोकरी जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी अडचण अशी होती की मला ते खोकं घरी न्यायचं होतं.

सुभेदारांनी रवानगीच्या खोलीत ती खोकी पाहिली. त्यांनी एक हातात घेतलं, चष्मा लावून सही वाचली, आणि माझ्याकडे न बघता गठ्ठ्यात परत ठेवलं. दिवाळीनंतर ते कामावर आले नाहीत. पेट्या मोजायला वाटेल तो चालतो, त्यामुळे कुणाला फारसं जाणवलं नाही.

डिसेंबरच्या मध्यावर मला त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर गावातल्या कुणा शाळकरी मुलाकडून काढून घेतलेलं असावं. एवढंच होतं: ‘काचेची कांडी आणि दोन थर्मामीटर घेऊन यावे. कामाचे आहे. राहण्याची सोय घरी आहे.’

मी रविवारला जोडून रजा टाकली आणि गेले. वडिलांना सांगितलं, कंपनीचं काम आहे. एसटीनं पोहोचायला दुपार झाली. त्या भागात डिसेंबरला अंगाला बोचेल असा कोरडा गारवा. सुभेदारांचं घर गावाच्या कडेला, धाब्याचं, समोर पडवी. पडवीत मी शिरले आणि थांबले. भिंतीला लागून आमचे थर्मास ओळीनं उभे होते. मोजले तर एकोणीस. प्रत्येकाशेजारी त्याचं खोकं, माझी सही वर करून.

सुभेदारांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. सुभेदारांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला बसवेना.

झालं होतं ते असं. त्या गावात घरटी कुणी ना कुणी फौजेत, आणि बाकीचे मेंढरांमागे. सुभेदार थर्मासाच्या कारखान्यात तपासणीला आहेत हे सगळ्यांना माहीत. म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत दुकान लागलं, तिथे आमची खोकी होती. लोकांनी दुसऱ्यांचा माल हातात घेतला नाही. सुभेदारांनी तपासलाय म्हणजे खरंच असणार, म्हणून हाच घेतला. त्यांनी तपासणी सोडून सात-आठ महिने झालेत, हे कुणाला कशाला माहीत असेल. मेंढरांमागे रानात राहणाऱ्या नवऱ्यांना-पोरांना घरच्या बायकांनी सकाळी चहा भरून दिला. एक दिवसाचा, दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतचा. चोवीस तास लिहिलंय ना. अर्धा थर्मास भरलेला, त्यात दूध, आणि दिवसात चार वेळा उघडलेला. दुसऱ्या सकाळी त्या गारठ्यात चहा थंडगार, वर साय, आणि काहींचा नासलेला.

‘‘एकानं पिला,’’ सुभेदार म्हणाले. ‘‘दोन दिस रानात पडून व्हता. आता बरा हाय. पर त्याची आय हितं आली आनि माज्या म्होरं थर्मास ठिवला. ठिवला आनि गेली. मग बाकीचं बी आणून ठिवाय लागलं.’’

‘‘तुम्ही सांगायचं ना, मी नाही केलं हे म्हणून.’’

‘‘कुनाला सांगू? आनि सांगून काय म्हणू? त्या पोरीनं केलं म्हणू?’’

 त्यांनी एकोणीसपैकी एक थर्मास उचलला आणि पुसला. ‘‘ह्यातलं पयलं तपासू. मग बोलू.’’

आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता चुलीवर पाणी ठेवलं. आधी गरम पाणी ओतून बघितलं, तर एकोणीसांतले दोन पत्र्यावर तळवा ठेवला की गरम लागत होते, म्हणजे त्यांची काच गेलेलीच होती. ते बाजूला काढले. उरलेल्यांत काठोकाठ पाणी, पाच वाजता पंचाण्णववर बूच. पहिल्या रकान्यात मी खोलीचं तापमान लिहिलं, अठरा. ते लिहिताना सुभेदार माझ्या हाताकडे बघत होते.

दिवसभर गावातले लोक येऊन डोकावून जात होते. पडवीत रांगेनं उभ्या केलेल्या थर्मासांची काय पूजा चाललीय, असं त्यांना वाटलं असेल. संध्याकाळी पाचला, म्हणजे बारा तासांनी, मी सहा थर्मास वाचले. चांगले होते ते अठ्ठावन्नवर. एक त्रेपन्नवर. सुभेदारांनी तो त्रेपन्नवाला उचलून वेगळा ठेवला.

‘‘आपलं बी चुकलंच की,’’ ते म्हणाले. ‘‘आपुन बारा लिवत हुतो. साताऱ्याच्या खोलीत बसून.’’

‘‘तुमचा आकडा पुष्कळ बरोबर होता,’’ मी म्हटलं.

‘‘पुष्कळ बरुबर मंजे काय? ह्यो त्रेपन्नवाला कुनाला घावला?’’

त्याच्या खोक्यावर खूण होती, तो बरा होऊन उठलेल्याच माणसाचा होता. सुभेदार तिथेच खाली बसले. तो माणूस चोवीस तासांनी आजारी पडला होता, बारा छापलं असतं तर त्याच्या आईनं दुसऱ्या सकाळसाठी चहा भरलाच नसता, हे मी त्यांना दोन-तीनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली. ऐकल्यासारखी, पटल्यासारखी नाही. सुभेदारांना मी एवढं चोख कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढं हरलेलंही. आणि मी त्यांच्यासाठी करण्याजोगं काही उरलंय का, हे शोधत होते, तर हातात फक्त काचेची कांडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्यांचे चोवीस तासांचे आकडे घेतले. एकोणचाळीस, चाळीस, सदतीस. तेवढ्यात सुभेदारांनी शाईची दौत आणि टाक आणून माझ्यापुढे ठेवला. गावात ज्यांना थर्मास परत हवे असतील त्यांना ते न्यायला बोलावलं होतं. यात्रेतला दुकानदार यात्रेबरोबरच निघून गेलेला, त्यामुळे परत घेणारं कुणी नव्हतंच. निदान खरं काय ते लिहून द्यायचं, एवढीच त्यांची कल्पना.

‘‘तू लिव,’’ ते म्हणाले. ‘‘माज्या अक्षराला काय किंमत न्हाई. डिग्रीवाल्याचं लोक मानत्यात.’’

काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं आणि मी प्रत्येक खोक्याच्या पाठीवर लिहू लागले: ‘थंडीत, काठोकाठ भरून, न उघडता, दहा तास. अर्धा भरला किंवा उघडला तर कमी. दुधाचा चहा रात्रभर ठेवू नये.’ खाली सही. सुभेदारांच्या मते बी.एस्सी. लिहिणंही गरजेचं होतं, म्हणून तेही लिहिलं. लोक येत होते, आपला थर्मास ओळखून उचलत होते, सुभेदारांना नमस्कार करत होते. कुणी तक्रारीचा शब्द काढला नाही. काहींनी खोकं वाचलंही नाही, थर्मास काखोटीला मारला आणि खोकं तिथेच ठेवलं.

शेवटी त्या माणसाची आई आली. अंगावर घोंगडी, हात धुणं धुवून आल्यासारखे ओले. तिनं मी लिहिलेलं खोकं उचलून डोळ्यांजवळ नेलं. तिला वाचता येत नव्हतं.

‘‘काय लिवलंस गं बाई?’’

मी वाचून दाखवलं.

‘‘आनि ह्ये खाली वळवळतंय त्ये?’’

‘‘ती माझी सही.’’

तिनं खोकं फिरवलं. छापलेल्या वाफेवरून बोट खाली आणत तिनं ते माझ्या छापील सहीवर ठेवलं. ‘‘ह्ये बी तसंच वळवळतंय.’’

‘‘तीही माझीच.’’

‘‘दोनी तुज्याच?’’

‘‘होय.’’

तिनं खोकं आलटून पालटून बघितलं. 

‘‘मग खरी कंची धरायची?’’

दोन्ही आकडे मी थर्मामीटरवरूनच वाचले होते. दोन्ही वेळा बूच पंचाण्णवलाच लावलं होतं. तिला सांगलीचं गोदाम कसं सांगू, पहिला रकाना कसा सांगू, मला कळेना. मी म्हटलं, ‘‘मागची. शाईची.’’

म्हातारीनं शाईवरून अंगठा फिरवला. तिच्या ओल्या अंगठ्याखाली माझी सही पसरून निळा डाग झाला. तिनं अंगठा बघितला, खोकं सरळ केलं आणि छापलेल्या सहीवरूनही तसाच फिरवून पाहिला.

‘‘ही जाती की गं,’’ ती म्हणाली. ‘‘त्ये म्होरचं मातर जात न्हाई.’’